तांब्याचा गज आणि पाण्याची नळी

तांब्याहून शेकडो पटींनी अधिक उष्णता वाहून नेणारी नळी, असे हीट पाइपचे वर्णन हल्ली संगणकाच्या जाहिरातींपासून अभियांत्रिकीच्या क्रमिक पुस्तकांपर्यंत सर्वत्र वाचावयास मिळते. आणि ते वर्णन खोटे आहे असे म्हणण्याचा माझा मुळीच इरादा नाही. माझी तक्रार निराळी आहे. एखादे उत्तर हिशेबाने बरोबर असूनही ज्या प्रश्नाला ते दिले गेले तो प्रश्नच मुळात गैरलागू असू शकतो, आणि हीट पाइपची तांब्याच्या गजाशी जी सरसहा तुलना केली जाते तिच्या बाबतीत नेमके हेच घडत आले आहे. तांब्याची उष्णतावाहकता मीटरला व अंशाला सुमारे ४०० वॉट आहे, असे आपण म्हणतो तेव्हा तो त्या धातूचा स्वभावधर्म असतो: तुकडा लहान असो वा मोठा, आडवा असो वा उभा, त्यातून एक वॉट जावो वा शंभर, आकडा तोच राहतो. हीट पाइपच्या नावावर मात्र चाळीस हजार, लाख, दोन लाख असे जे आकडे मांडले जातात, ते कोणत्याही द्रव्याचे नसतात. एका छोट्या यंत्राच्या कारभाराचे ते फलित असते, आणि यंत्राच्या कारभाराला द्रव्याच्या गुणाचे नाव दिले की त्या कारभारातील अटी व शर्ती वाचकाच्या नजरेआड होतात. त्या अटी उलगडून पाहणे हाच या लेखाचा विषय आहे.

ही तुलना मुळात निघाली कोठून, हे सांगणे अगत्याचे आहे. द्रवाला वातीच्या आधारे परत आणणाऱ्या बंद नळीची कल्पना अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीचे गॉग्लर यांनी १९४२ साली पेटंटासाठी मांडली, ते पेटंट १९४४ साली मंजूरही झाले, आणि त्यानंतर ते दप्तरात धूळ खात पडले. पुढे १९६३ साली लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर हे अवकाशयानातील अणुशक्तिसंचाची उष्णता हलविण्याच्या विवंचनेत असता त्यांनी तीच युक्ती स्वतंत्रपणे शोधून काढली, आणि १९६४ साली कॉटर व एरिक्सन या सहकाऱ्यांसह तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. कोणत्याही ज्ञात धातूहून कितीतरी अधिक वाहकता असलेल्या द्रव्याशी ही रचना तुल्य मानता येईल, हे विधान ग्रोव्हर यांच्या पेटंटाच्या अर्जात आहे. पण त्या विधानाआधी, वापराच्या पद्धतीवरील काही मर्यादा सांभाळून, अशी शर्त त्यांनी स्वच्छ शब्दांत घातली आहे. पुढे विधान गाजले आणि शर्त गळाली.

तेव्हा एक प्रत्यक्ष नळी समोर ठेवून तिचा हिशेब मांडू. मांडीवरच्या संगणकात किंवा मेजावरच्या संगणकाच्या कूलरमध्ये सर्रास आढळते तसली ही तांब्याची नळी आहे: बाहेरून ६ मिलिमीटर व्यासाची, २० सेंटिमीटर लांबीची, ०.३ मिलिमीटर जाडीच्या भिंतीची. ती कापून पाहिली, तर आतल्या भिंतीला चिकटून ०.६ मिलिमीटर जाडीचा, तपकिरी-तांबूस, खरखरीत असा एक थर दिसतो. भिंगाखाली धरला तर तांब्याचे बारीक गोलसर कण एकमेकांना ठिकठिकाणी जोडलेले आणि त्यांच्या मधल्या फटी मोकळ्या राहिलेल्या दिसतात. हीच या नळीची वात होय. ती घडविताना नळीच्या मधोमध पोलादी दांडा उभा करतात, दांडा व भिंत यांच्या मधल्या जागेत तांब्याची पूड ओतून गच्च बसवितात, मग भट्टीत तांबे वितळण्याच्या जरा अलीकडच्या तापमानापर्यंत नेऊन कण एकमेकांना जोडून घेतात, आणि शेवटी दांडा ओढून काढतात. उरलेल्या पोकळीत वातीच्या फटी भरतील इतपतच, म्हणजे या नळीत सुमारे ०.८ ग्रॅम, शुद्ध पाणी घालून, हवा पूर्णपणे उपसून टाकून, टोक चिमटून बंद करतात. बाजारातल्या कोणत्याही हीट पाइपच्या एका टोकाला जी निमुळती शेपटी दिसते ती या चिमटण्याची खूण असते, आणि तेवढा भाग उष्णतेच्या दृष्टीने निरुपयोगी समजावा.

हवा उपसून टाकण्यात साऱ्या युक्तीचे मर्म आहे. नळीत आता पाणी आणि पाण्याची वाफ यांखेरीज तिसरे काहीच नसल्यामुळे आतला दाब हा पाण्याच्या तापमानानुसार आपोआप ठरतो. ५० अंश सेल्सियसला तो वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एकअष्टमांश असतो. अशा स्थितीत पाणी आणि वाफ एकमेकांशी नाजूक समतोल राखून असतात, आणि एका टोकाचे तापमान अंशाच्या अल्पशा भागाने जरी वाढले तरी तेथील समतोल ढळून वाफ निर्माण होऊ लागते. ती वाफ किंचित अधिक दाबामुळे मधल्या मोकळ्या पोकळीतून थंड टोकाकडे धाव घेते, तेथील वातीवर तिचे पुन्हा पाणी होते, आणि तापलेल्या टोकाला बाष्प होताना घेतलेला अप्रकट उष्मा ती थंड टोकाला परत करते. राहिला प्रश्न त्या पाण्याला माघारी आणण्याचा. ते काम वात करते: तापलेल्या टोकाला वातीतील पाण्याचा पृष्ठभाग बाष्पीभवनामुळे फटींत आत खेचला जाऊन अधिक वक्र होतो, थंड टोकाला तो जवळजवळ सपाट असतो, आणि या दोन वक्रतांच्या फरकातून पृष्ठताण जी ओढ निर्माण करतो तिच्या बळावर पाणी वातीतून सरकत मूळ जागी येते. पंप नाही, झडप नाही, बाहेरून वीज नाही. उष्णताच स्वतःला वाहून नेणारे यंत्र चालविते.

या नळीच्या एका टोकाच्या ४ सेंटिमीटर भागातून ३० वॉट उष्णता आत शिरते आणि दुसऱ्या टोकाच्या ६ सेंटिमीटर भागातून ती बाहेर पडते, असे धरू. ५० अंशांना एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,३८० जूल लागतात, त्यामुळे ३० वॉटसाठी दर सेकंदाला केवळ ०.०१२६ ग्रॅम पाण्याचे बाष्पीभवन पुरे होते. हेच काम पाणी नुसते फिरवून, त्याला दहा अंशांनी तापवून व निववून करावयाचे झाले, तर जवळजवळ ५७ पट पाणी खेळवावे लागेल. वाफ विरळ असल्यामुळे एवढीशी वाफही पोकळीतून सेकंदाला सुमारे ११ मीटर वेगाने जाते, तर तेच पाणी वातीच्या फटींतून सेकंदाला अवघ्या ३ मिलिमीटर गतीने परत येते, आणि ०.८ ग्रॅमचा तो सगळा साठा मिळून सुमारे एका मिनिटात आपली एक फेरी पुरी करतो. मला या रचनेत जर काही विलक्षण वाटत असेल तर ते तिचे शेकडो पटींचे कर्तृत्व नसून हा जाण्यायेण्याच्या वेगांतील हजारो पटींच्या तफावतीचा संसार आहे.

आता तुलनेसाठी तितक्याच जाडीचा व लांबीचा तांब्याचा भरीव गज घेऊ. उष्णता एका टोकाच्या ४ सेंटिमीटरांत शिरते आणि दुसऱ्या टोकाच्या ६ सेंटिमीटरांतून निघते, म्हणून सरासरीने तिला १५ सेंटिमीटर प्रवास घडतो. लांबीला वाहकता आणि काटछेदाचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराने भागले की गजाचा औष्णिक रोध मिळतो: येथे तो वॉटला सुमारे १३.३ अंश आहे. ३० वॉट न्यावयाचे तर दोन टोकांत जवळजवळ ४०० अंशांचा फरक पडला पाहिजे. थंड टोक ५० अंशांवर राखले तर तापते टोक ४५० अंशांवर जाईल. तांबे तेही निमूट सोसेल, परंतु ज्या चिपची उष्णता काढावयाची ती त्याच्या कितीतरी आधी कामातून गेलेली असेल.

नळीचा जमाखर्च याहून फार वेगळ्या प्रकारे मांडावा लागतो, कारण तिच्यात उष्णतेला एकसारखा मार्ग नाही. एकामागून एक पाच टप्पे आहेत. पहिला टप्पा तांब्याची पातळ भिंत ओलांडण्याचा: ३० वॉटसाठी तेथे अंशाचे तीन-एक शतांश खर्ची पडतात, म्हणजे ०.०३ अंश. दुसरा पाण्याने भिजलेली वात ओलांडण्याचा. भिजलेल्या वातीची वाहकता भरीव तांब्याच्या सुमारे एकदशांश, म्हणजे ४० धरली, तर येथे पाऊण अंश जातो. तिसरा वाफेच्या प्रवासाचा. वाफेला पोकळीतून ढकलण्यास सुमारे ३२ पास्कल दाब लागतो आणि ५० अंशांच्या आसपास एक अंशाने तापमान बदलले की वाफेचा दाब सहाशेहून अधिक पास्कलांनी बदलतो, म्हणून या सगळ्या प्रवासाचा खर्च अंशाच्या विसाव्या भागाएवढा, ०.०५ अंश, होतो. चौथ्या टप्प्यात थंड टोकाची वात अर्धा अंश घेते आणि पाचव्यात तेथली भिंत ०.०२ अंश. एकूण बेरीज १.३५ अंश. ४०० भागिले १.३५ म्हणजे जवळजवळ तीनशे. आणि नळी हा भरीव गजच आहे असे समजून उलट गणित केले, तर तिची तुल्य वाहकता १,१८,००० च्या घरात निघते. निसर्गातील उत्तमोत्तम वाहक जो हिरा, तो २,००० च्या आसपास थांबतो, हे ध्यानात घेतले की या आकड्याचा मोह का पडतो ते समजते. तांब्याच्या गजाने हीच किमया साधावयाची तर त्याचा व्यास १० सेंटिमीटरांहून अधिक करावा लागेल, आणि त्याचे वजन ५० ग्रॅमवरून १५ किलोवर जाईल. नळीचे वजन पाण्यासकट २० ग्रॅमही नाही.

पण हीच बेरीज पुन्हा एकवार नीट वाचावी, अशी माझी विनंती आहे, कारण जाहिरातीचा आकडा जे झाकतो ते तीत उघडे पडले आहे. १.३५ अंशांपैकी वाफेने, म्हणजे लांबीने, घेतलेला वाटा ०.०५ अंश आहे. बाकी सर्व खर्च दोन टोकांशी, आत शिरताना आणि बाहेर पडताना, वातीच्या त्या ०.६ मिलिमीटर जाडीत झाला. सडकेवर मैलामैलाला पट्टी न बसविता फक्त दोन वेशींवरच्या नाक्यांवर जकात घ्यावी, तसा हा मामला आहे. आणि अशा सडकेची दर मैली जकात किती, असे कोणी विचारले तर उत्तर सर्वस्वी सडक किती मैलांची आहे यावर अवलंबून राहणार. नळीचा मधला भाग आणखी १० सेंटिमीटरांनी वाढवा: गजातील फरक ४०० वरून ६६० अंशांच्या वर जातो, नळीतला १.३५ चा फार तर १.३९ होतो, आणि तुल्य वाहकता एकदम १,९०,००० वर चढून नळी तांब्याच्या पावणेपाचशे पट ठरते. उलट मधला भाग छाटून टाकून नळी १० सेंटिमीटरांची केली, तर हाच आकडा ४०,००० वर येऊन शंभर पटींवर समाधान मानावे लागते. तांबे तेच, पाणी तेच, वात तीच, कारागिरीही तीच. तरी वाहकता मात्र एकदा शंभर पट, एकदा तीनशे पट, एकदा पावणेपाचशे पट. द्रव्याचा गुण असा वस्तूच्या लांबीबरोबर ताणला जात नाही. म्हणून या नळीबद्दल विधान करावयाचे तर ते वस्तूच्या एकूण वहनाबद्दल, अर्थात वॉटला किती अंश लागतात याबद्दल करावे: या नळीला ०.०४५, गजाला १३.३. हे दोन आकडे एका जातीचे आहेत आणि त्यांची तुलना कायदेशीर आहे.

यावर असे म्हणता येईल की, तुल्य वाहकता ही सोयीची भाषा आहे. अभियंते संगणकावर आराखडा तपासताना हीट पाइपच्या जागी अमुक हजार वाहकतेचा भरीव गज कल्पून काम भागवितात आणि उत्तर ठीक येते. ते खरे आहे, आणि एका ठरावीक नळीच्या, ठरावीक तापमानाच्या मर्यादेत मलाही त्याचे वावडे नाही. परंतु गजाची भाषा एकदा पत्करली की गजाचे दोन गुण आपण न कळत नळीच्या पदरी बांधतो: एक म्हणजे उष्णता दुप्पट केली की तापमानाचा फरक दुप्पट होईल, त्याहून काही अघटित घडणार नाही; आणि दुसरा म्हणजे नळी कशीही धरली तरी फरक पडणार नाही. दोन्ही समजुती घातक आहेत.

वातीची ओढ मर्यादित असते, ही सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट. आपल्या नळीत वातीच्या फटींची परिणामी त्रिज्या ४० मायक्रॉन धरली, तर पृष्ठताण जास्तीत जास्त सुमारे ३,४०० पास्कल ओढ देऊ शकतो; म्हणजे पाण्याचा ३५ सेंटिमीटरांचा स्तंभ तोलता येईल इतकी. ३० वॉटसाठी पाणी वातीतून सरकविण्यास त्यातले सुमारे १,४५० पास्कल लागतात, आणि वाफेचे ३२ वेगळे. नळी आडवी असेल तर शिल्लक भरपूर उरते, आणि ठोकळ हिशेबाने ६८ वॉटपर्यंत काम सुरळीत चालते. आता तीच नळी उभी करून तापणारे टोक वर आणि थंड टोक खाली ठेवा. पाण्याला २० सेंटिमीटर चढून जावयाचे आहे, आणि त्या चढणीलाच १,९४० पास्कल लागतात. उरलेल्या ओढीत जेमतेम २९ वॉट निभावतात. आपण ३० वॉट देत आहोत. एका वॉटाची ही तूट कागदावर क्षुल्लक दिसते, पण नळीच्या बाबतीत ती प्राणघातक ठरते: वात वरच्या टोकाला पाणी पुरेसे पोहोचवू शकत नाही, तेथील फटी कोरड्या पडू लागतात, कोरड्या भागातून बाष्पीभवन होत नाही म्हणून त्याचे तापमान भराभर चढते, आणि चढण्याचे थांबत नाही. कारखान्यातील चाचणीत याची खूण अगदी ठळक असते. उष्णता पाच-पाच वॉटांनी वाढवीत जावे आणि प्रत्येक पायरीला तापमान स्थिर होण्याची वाट पाहावी. एका पायरीवर तापत्या टोकाचे थर्मोकपल स्थिर होण्यास नकार देते, तीच नळीची हद्द.

आणि ती हद्द ओलांडलेली नळी गजाच्या तुलनेत काय किमतीची राहते? तिच्यात भरीव भिंतीचे तांबे गजाच्या काटछेदाच्या पाचव्या हिश्शाहून कमी आहे, आणि कोरड्या वातीचे कण एकमेकांना केवळ बिंदुबिंदूंनी जोडलेले असल्यामुळे ती फारशी भर घालीत नाही. सगळे मिळून नळीचे वहन गजाच्या तिसऱ्या हिश्शावर जात नाही. तीनशे पट चांगली असलेली वस्तू एका बाजूच्या वॉटपासून दुसऱ्या बाजूच्या वॉटपर्यंत तिपटीने वाईट होते. गज असा दगा कधीच देत नाही. तो सुरुवातीपासून सुस्त असतो आणि अखेरपर्यंत तितकाच सुस्त राहतो.

तापमानाचीही अशीच गोष्ट आहे. ५० अंशांऐवजी नळी १० अंशांवर चालविली तर वाफ इतकी विरळ असते की तेच ३० वॉट नेण्यास तिला सेकंदाला नव्वदहून अधिक मीटर वेग घ्यावा लागतो, आणि जो खर्च आधी ०.०५ अंश होता तो सुमारे तीन अंशांवर जातो. लांबी, व्यास, वात यांपैकी कशालाही हात न लावता एकूण फरक तिपटीहून अधिक झाला, म्हणजे तुल्य वाहकता तिसऱ्या हिश्शाहून खाली आली. शून्याखाली तर पाणी गोठून कारभारच बंद पडतो. तांब्याला १० अंश काय आणि ५० काय, सारखेच.

आणखी एक व्याधी सांगितली पाहिजे, कारण ती वरवर पाहता कोरड्या पडण्यासारखीच दिसते आणि म्हणून तिच्याविषयी घोटाळा होतो. नळीत हवा राहून गेली, किंवा धातू व द्रव यांचे जमले नाही, तर आत न निवणारा वायू साचतो. ॲल्युमिनियमच्या नळीत पाणी घातले की हायड्रोजन सुटत राहतो, आणि म्हणूनच पाण्याला तांब्याची व अमोनियाला ॲल्युमिनियमची सोबत दिली जाते. वाफेचा प्रवाह हा वायू झाडून थंड टोकाच्या शेवटी नेऊन साचवितो आणि वाफ तेथे पोहोचूच शकत नाही. बोट लावले तर नळी बऱ्याच लांबीपर्यंत एकसारखी उबदार आणि मग एकाएकी गार लागते. रोग कोणता हे ओळखण्याची खूण साधी आहे: उष्णता वाढविल्यावर आतला दाब वाढून वायू दाबला जातो आणि गार पट्टा आखूड होतो, म्हणजे नळी सुधारल्यासारखी वाटते; कोरडी पडणारी नळी मात्र उष्णता वाढविताच अधिक बिघडते. उपग्रहांत हाच दोष कामाला लावतात. टोकाशी मुद्दाम थोडा वायू ठेवला की उपकरणे थंड झाली असता नळीचा बराच भाग आपोआप बंद होतो आणि तापली असता उघडतो. अशा नळीला एकच एक तुल्य वाहकता चिकटविणे म्हणजे दरवाजाची उंची सांगून तो उघडा आहे की बंद हे न सांगण्यापैकी झाले. उपग्रहात गुरुत्वाची अडचण नसते खरी, पण जमिनीवर चाचणी घेताना असते. उपग्रहाच्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांत वातीऐवजी आतून कोरलेल्या खाचा असतात, त्यांची ओढ फार थोडी असते, आणि एक टोक काही मिलिमीटरांनी वर गेले तरी चाचणी फसते, म्हणून मेज अगदी समपातळीत आणावे लागते.

एवढे सगळे सांगून झाल्यावर, तीनशे पट की पावणेपाचशे पट या वादाची व्यवहारात किंमत किती, हाही प्रश्न विचारलाच पाहिजे. ३० वॉटची चिप एक चौरस सेंटिमीटर क्षेत्राची असेल, आणि तिच्यावर केसाच्या जाडीइतका, म्हणजे ५० मायक्रॉनचा, थर्मल पेस्टचा थर असेल, तर पेस्टची वाहकता ३ धरूनही तो थर ओलांडण्यास ५ अंश खर्ची पडतात. वीस सेंटिमीटरांचा प्रवास १.३५ अंशांत आणि केसभर थर ५ अंशांत! पुढे पातळ पात्यांकडून हवेत उष्णता सोडताना तर सहज वीस-तीस अंश जातात. याचा अर्थ, नळी तांब्याच्या तीनशे पट आहे की पाचशे पट, यावरून चिपच्या तापमानात जाणवण्याजोगा काहीच फरक पडत नाही. नळीने आपला हिस्सा आधीच इतका कमी केलेला आहे की आता सुधारणा करावयाची ती तिच्या बाहेर. उलट नळी किती वॉटला कोरडी पडते, यावरून मात्र संगणक चालणार की अडखळणार हे ठरते. चांगला मुद्दा सोडून भलत्याच मुद्द्यावर वाद घालण्याचे इतके ठसठशीत उदाहरण मला या क्षेत्रात दुसरे आढळत नाही.

गजाची बाजू घ्यावयाचीच तर ती येथे घ्यावी लागेल. अंतर दोन सेंटिमीटरांचे असेल आणि उष्णता पाच वॉटांची, तर सहा मिलिमीटरांचा भरीव गज नऊ अंशांच्या आत काम करतो. त्याला कल, गोठण, गळती किंवा कमाल मर्यादा यांपैकी कशाचीच फिकीर करावी लागत नाही, आणि तेथे नळी घालणे हा शुद्ध अपव्यय होय. अंतर हातभर आणि उष्णता तीस वॉटांची झाली, की गजाचा विचारही करू नये. या दोहोंच्या मधल्या प्रदेशात निवड करताना उपयोगी पडतात ती नळीबद्दलची चार विधाने: दोन टोकांत वॉटला किती अंश, कमाल किती वॉट, तापते टोक वर असताना ती कमाल किती, आणि हे सर्व कोणत्या तापमानाला मोजले. नळी वाकविली किंवा चेपून तीन मिलिमीटर जाडीची केली असेल तर मोजमाप त्या रूपातले हवे, कारण चेपल्याने वाफेची पोकळी अरुंद होऊन कमाल मर्यादा घटते.

तेव्हा वाचकांना माझे सांगणे इतकेच की, हीट पाइप विकत घेताना किंवा तिच्याविषयी विद्यार्थ्यांना शिकविताना तांब्याच्या किती पट, हा प्रश्न विचारू नये. ही चार विधाने लेखी मागावीत, आणि ज्या विक्रेत्याच्या कागदावर केवळ वाहकतेचा आकडा असून लांबीचा उल्लेख नाही, त्याचा कागद परत करावा.